फ्रीजमधली मशरूम काळी पडली, बुळबुळीत झाली: काय वापरायचं आणि काय टाकायचं

फ्रीजमधून मशरूमचा डबा काढला की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. पांढरी असतील तर चांगली आणि काळपट दिसली तर गेली, असा सरळ हिशोब मांडला जातो. त्यामुळे दोन्हीकडून चूक होते. नुसते डाग पडलेली चांगली मशरूम कचऱ्यात जातात आणि रंग बरा दिसतो म्हणून बुळबुळीत झालेली मशरूम धुऊन कढईत पडतात. खरा निकाल रंगावर फारसा लागत नाही. पृष्ठभाग हाताला कसा लागतो, वास कसा येतो आणि आतला गर कसा आहे, या तीन गोष्टींवर तो लागतो. तपासणी कोणत्या क्रमाने करायची ते खाली दिलं आहे. हा क्रम पाळला तर पाव किलोच्या डब्याला पाच-सात मिनिटं पुरतात.

हे सगळं विकत आणलेल्या, लागवडीच्या मशरूमबद्दल आहे. मुख्यतः पांढरी बटण मशरूम डोळ्यांपुढे ठेवली आहेत, कारण सर्वात जास्त प्रश्न त्यांच्याबद्दलच पडतात. रानात उगवलेलं मशरूम विषारी आहे की नाही, हे यातल्या कोणत्याही खुणेवरून कळत नाही. विषारी जातीचं ताजं मशरूम अगदी टवटवीत दिसतं आणि त्याला वासही छान असू शकतो.

हाताशी काय हवं

- कोरडा किचन पेपर, चार-पाच तुकडे
- धारदार सुरी आणि कापायला पाट
- खिडकीजवळची जागा किंवा पांढरा दिवा (पिवळ्या उजेडात डाग आणि चमक दोन्ही नीट दिसत नाहीत)
- दोन ताटल्या, एक ठेवायच्या मशरूमसाठी आणि एक संशयितांसाठी
- कचऱ्यासाठी बंद करता येणारी पिशवी

१. आधी वास, पण उघडल्या उघडल्या नाही

मशरूम तोडल्यानंतरही जिवंत असतं आणि जोरात श्वसन करत असतं. बंद डब्यात त्यातून निघालेली वाफ आणि वायू कोंडून राहतात. म्हणून झाकण काढताक्षणी जो कुबट भपकारा येतो त्यावरून काही ठरवू नका. डबा दोन मिनिटं उघडा ठेवा आणि मग एकेक मशरूम नाकाजवळ घ्या.

चांगल्या बटण मशरूमला ओल्या मातीसारखा सौम्य वास असतो किंवा जवळजवळ वासच नसतो. आंबूस, माशासारखा किंवा नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. ते मशरूम टाकायचं. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूमला मात्र ताजेपणीही थोडासा वेगळा, किंचित सागरी वास असतो. तो नवख्या माणसाला खटकतो. धिंगरीबद्दल शंका आली तर वास झोंबतोय का आणि त्यात आंबटपणा आहे का, एवढंच पाहा.

चव घेऊन खात्री करायला जाऊ नका. कच्च्या, खराब मशरूमचा छोटा तुकडाही पोट बिघडवू शकतो आणि चवीवरून तुम्हाला वासापेक्षा जास्त काही कळणार नाही.

२. ओलं आहे की बुळबुळीत?

सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वात महत्त्वाची आहे आणि सर्वात जास्त गोंधळही इथेच होतो. म्हणून इथे थोडं थांबू.

मशरूममध्ये वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ते आत धरून ठेवायला फळांसारखी जाड साल नसते. त्यामुळे पाणी सतत बाहेर पडत राहतं. डब्यावर प्लॅस्टिकचा पडदा असेल तर ही वाफ त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते आणि मशरूमवर पडते. फ्रीजचं दार उघडझाप झाल्यावर तापमान वरखाली होतं, तेव्हा हे अधिकच घडतं. हा नुसता ओलावा आहे, बिघाड नाही. पण तो तसाच राहिला तर बिघाडाला आमंत्रण देतो.

बुळबुळीत थर वेगळा असतो. मशरूमच्या पृष्ठभागावर काही जिवाणू पहिल्यापासून असतात. त्यांत स्यूडोमोनास गटाचे जिवाणू प्रमुख असतात आणि ते फ्रीजच्या थंडीतही वाढतात, फक्त सावकाश. सतत ओल मिळाली की त्यांची संख्या वाढते, ते स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात आणि मशरूमच्या पेशींच्या भिंती मोडायला लागतात. तुमच्या बोटाला लागतो तो थर म्हणजे हे जिवाणू, त्यांचा चिकट स्राव आणि फुटलेल्या पेशींतला रस.

ओळखायचं कसं? मशरूम देठाकडून धरा आणि कोरड्या किचन पेपरने टोपी एकदाच, हलक्या हाताने पुसा.

नुसतं पाणी असेल तर कागद ओला होतो, टोपी लगेच निस्तेज आणि कोरडी दिसते आणि बोट फिरवलं तर थोडं अडखळतं. थर असेल तर कागद सरळ सरकत नाही, ओढला जातो. टोपीची चमक पुसूनही जात नाही आणि बोट साबण लागलेल्या काचेवरून घसरावं तसं घसरतं. दोन बोटांत चिमूट धरून सोडली तर बारीक तार येते. कधीकधी टोपीची वरची पातळ त्वचाच कागदाबरोबर निघून येते आणि खाली तपकिरी, ओलसर गर दिसतो.

तरीही नक्की कळत नसेल तर मशरूम कोरड्या कागदावर देठ वर करून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी तेवढ्यात शोषलं जातं किंवा उडून जातं. चिकट थर मात्र तसाच राहतो, उलट अधिक चिकट लागतो. पंधरा मिनिटांनीही हाताला चिकटत असेल तर ते मशरूम बाद.

आता सर्वात मोठा सापळा. बुळबुळीत मशरूम नळाखाली धरलं की थर निघून जातो आणि खालचं मशरूम स्वच्छ दिसतं. पण जिवाणू पेशींमध्ये आत शिरलेले असतात आणि गर आधीच मऊ झालेला असतो. शिजवल्याने बहुतेक जिवाणू मरतात हे खरं. मात्र काही जिवाणूंनी आधीच तयार केलेली विषं आणि प्रथिनं कुजताना तयार होणारी काही रसायनं उष्णतेने नाहीशी होत नाहीत. म्हणून धुऊन किंवा जास्त वेळ शिजवून बुळबुळीत मशरूम वाचवता येत नाही.

अपवाद एकच लक्षात ठेवा. नामेको नावाच्या जपानी मशरूमवर ताजेपणीच नैसर्गिक बुळबुळीत आवरण असतं. ते आणलं असेल तर ही चाचणी लागू होत नाही. त्याचा निकाल वासावर आणि तारखेवर लावा.

३. काळेपणा कुठे आहे ते पाहा

मशरूमला धक्का लागला, ते दाबलं गेलं किंवा कापलं गेलं की पेशी फुटतात. आतलं टायरोसिनेज नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तिथल्या फिनॉल गटाच्या पदार्थांवर काम करतं आणि शेवटी मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य तयार होतं. कापलेलं फळ तपकिरी पडतं त्यामागेही अशीच क्रिया असते. याचा अर्थ, नुसता काळपटपणा हा बहुतेक वेळा माराचा किंवा वयाचा डाग असतो. काळेपणा कुठे आणि कसा आहे यावरून पुढचं ठरतं.

टोपीवर कोरडे, सपाट, फिकट तपकिरी डाग असतील तर ते हाताळणीचे आहेत. मशरूम घट्ट असेल तर बिनधास्त वापरा. डाग दिसायला नको असेल तर पातळसा काप काढून टाका.

टोपी छत्रीसारखी उघडली आहे आणि खालचे पडदे गडद तपकिरी दिसताहेत, तर मशरूम फक्त मोठं झालं आहे. तोडल्यानंतरही ते वाढत राहतं, बीजाणू पक्व होतात आणि पडद्यांचा रंग गुलाबीवरून चॉकलेटी होतो. मोठं, चपटं पोर्टोबेलो म्हणून विकलं जातं ते याच जातीचं पूर्ण वाढलेलं मशरूम असतं आणि त्याचे पडदे नेहमीच गडद असतात. मात्र उघडलेली मशरूम लवकर बिघडतात, तेव्हा ती त्याच दिवशी वापरा. पडद्यांना बोट लावून बघा. ते कोरडे आणि सुटे असले पाहिजेत. एकमेकांना चिकटून त्यांचा काळा लगदा झाला असेल तर टाका.

खोलगट, ओलसर, गडद तपकिरी किंवा काळे डाग मात्र जिवाणूंचे असतात. बोटाने दाबलं तर डाग आत दबतो आणि कडेने ओल येते. हे मशरूम ठेवू नका, बाकीचा भाग पांढरा असला तरी.

शंका उरली तर मशरूम टोपीपासून देठापर्यंत उभं कापा. आतला गर पांढरट आणि घट्ट असेल, रंग वरच्या एक-दोन मिलिमीटरपुरताच असेल, तर ते खाण्याजोगं आहे. तपकिरी रंग आतपर्यंत उतरला असेल, गर काचेसारखा ओलसर आणि अर्धपारदर्शक दिसत असेल, तर ते टाकायचं. कापल्यानंतर निकाल लगेच बघा, कारण दहा-पंधरा मिनिटांत कापलेली बाजू आपोआपच तपकिरी व्हायला लागते आणि मग काहीच कळत नाही.

४. मऊ की सुरकुतलेलं

सुरकुतलेलं, हलकं, कडा आत वळलेलं मशरूम म्हणजे पाणी उडालेलं मशरूम. ते चिवट लागेल, पण वास ठीक असेल आणि चिकटपणा नसेल तर रस्सा किंवा सूपमध्ये चालतं. मऊ पडलेलं मशरूम वेगळं. दाबल्यावर खड्डा पडतो आणि परत वर येत नाही, देठ टोपीपासून ओलसर होऊन सुटतो किंवा डब्याच्या तळाशी पिवळट-तपकिरी पाणी साठलेलं असतं. त्या पाण्यात बसलेली मशरूम टाकून द्या.

५. बुरशी: पांढरी आणि रंगीत

देठाच्या बुंध्याला किंवा धिंगरीच्या पडद्यांवर पांढरं, कापसासारखं मऊ काही दिसलं तर घाबरू नका. ते बहुधा त्या मशरूमचेच तंतू असतात. ओल मिळाली की ते पुन्हा वाढू लागतात. पुसलं की निघतात आणि खालचा भाग घट्ट, कोरडा राहतो. असं मशरूम पुसून, नीट शिजवून खाता येतं.

हिरवे, निळसर, करडे, काळे किंवा गुलाबी ठिपके दिसले, किंवा एका मशरूमवरून दुसऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे गेलेले दिसले, तर ती परकी बुरशी आहे. ठिपक्याभोवतीचा भाग कापून बाकीचं वापरायचा मोह टाळा. मशरूम मऊ आणि ओलसर असल्याने बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पलीकडे गेलेले असतात. नाक लावून वासही घेऊ नका, बीजाणू श्वासात जातात.

६. एक खराब निघालं तर बाकीच्यांचं काय?

एक उदाहरण घेऊ. दोनशे ग्रॅमचा डबा, आणून पाच दिवस झालेत, प्लॅस्टिकच्या आतून थेंब दिसताहेत. आत बारा मशरूम आहेत.

डबा उघडून दोन मिनिटांनी वास घेतला. एका कोपऱ्यातून किंचित आंबूस वास येतो. सगळी मशरूम एकमेकांना न लागतील अशी कागदावर मांडली. कोपऱ्यातली दोन तळाच्या पाण्यात बसली होती, त्यांचा पृष्ठभाग चमकतो आणि पुसताना त्वचा निघते. ती थेट पिशवीत. त्यांना चिकटून असलेली तीन संशयितांच्या ताटलीत. उरलेल्या सातांपैकी चार ओली होती, पुसल्यावर कोरडी आणि निस्तेज झाली. दोनांवर सपाट तपकिरी डाग आहेत आणि एकाची टोपी उघडली आहे. ही सातही घट्ट आहेत आणि वासाला ठीक, म्हणून ठेवायच्या ताटलीत गेली.

आता संशयित तीन. पंधरा मिनिटं कोरड्या कागदावर ठेवली. दोन कोरडी पडली. ती कापून बघितली तर गर पांढरा आणि घट्ट. तिसरं एका बाजूने अजून चिकट आहे. ते टाकलं. म्हणजे बारांतली तीन गेली आणि नऊ राहिली. ही नऊ परत ठेवायची नाहीत, त्याच दिवशी नीट शिजवायची, कारण त्यांच्यावर जिवाणू पोहोचलेले असणार, फक्त थर दिसण्याइतके वाढलेले नाहीत.

निम्मी किंवा त्याहून जास्त मशरूम बुळबुळीत निघाली, किंवा परक्या बुरशीचे धागे डब्यात पसरले असतील, तर निवडत बसू नका. सगळा डबा टाका. कापलेल्या मशरूमच्या पाकिटालाही हेच लागू. कापांचा पृष्ठभाग जास्त असतो आणि रस सगळीकडे लागलेला असतो, त्यामुळे त्यात थोडे जरी काप बुळबुळीत झाले तरी पूर्ण पाकीट गेलं असं समजा.

घरात गर्भवती, वृद्ध, लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर नियम आणखी कडक ठेवा. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीत वाढतो आणि त्याने रंग, वास किंवा स्पर्श बदलेलच असं नाही. अशा व्यक्तींना कोणतंही मशरूम कच्चं देऊ नका. एनोकी या लांब, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मशरूमच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यातून लिस्टेरियाची लागण झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

७. दिवसांचा अंदाज

फ्रीज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असेल तर अख्खी बटण मशरूम साधारण पाच ते सात दिवस टिकतात. कापलेली एक-दोन दिवसांत वापरावीत. शिजवलेली तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नयेत. पण दुकानात डबा आधी किती दिवस आणि किती थंडीत होता हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून दिवस मोजून मशरूम चांगलं ठरवू नका. दिवस कमी झालेत पण बुळबुळीत आहे, तर ते खराबच.

८. पुढचा डबा टिकवायचा तर

आणल्या आणल्या धुऊ नका, ओल हेच बिघाडाचं मूळ आहे. माती असेल तर कोरड्या कागदाने झटका आणि वापरण्याच्या अगदी आधी पटकन धुवा. तळाशी किचन पेपर घातलेल्या उघड्या डब्यात किंवा कागदी पिशवीत, एकाच थरात ठेवा. कागद ओला झाला की बदला. भाज्यांच्या बंद कप्प्यात दमटपणा जास्त असतो, त्यामुळे मधलं फडताळ बरं.

दुकानातल्या पाकिटाच्या प्लॅस्टिकला बारीक छिद्रं असतात, ती चिकटपट्टीने किंवा दुसऱ्या पिशवीने बंद करू नका. मशरूम आतला ऑक्सिजन भराभर संपवतं. ऑक्सिजन नसलेल्या आणि पुरेशी थंडी नसलेल्या जागी क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो आणि तेव्हा मशरूम दिसायला चांगलंच असू शकतं. ती छिद्रं याच कारणासाठी ठेवलेली असतात. हवाबंद डबे आणि निर्वात पिशव्याही ताज्या मशरूमसाठी नकोत.

कडेला आलेली मशरूम कच्ची गोठवूनही फायदा नाही. वितळल्यावर ती काळी आणि लिबलिबीत होतात आणि मग ती आधी खराब होती की गोठवल्याने झाली हे ओळखता येत नाही. घट्ट असतानाच परतून, गार करून गोठवा.

चुकून खाल्लं गेलं तर

बहुतेकांना काही होत नाही किंवा पोट बिघडून एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पाणी पीत राहा. उलट्या थांबत नसतील, ताप आला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर डॉक्टरांकडे जा. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला किंवा बोलायला त्रास होणं, यांपैकी काहीही झालं तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते सांगा. गर्भवती व्यक्तीला नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तरी ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची.

टाकून झाल्यावर

बुळबुळीत मशरूम पिशवीत बांधून टाका. ज्या डब्यात ती होती तो, सुरी, पाट आणि फ्रीजमधली ती जागा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. डब्यातलं पाणी खालच्या कप्प्यात गळलं असेल तर तिथल्या कच्च्या खायच्या भाज्या-फळं धुऊन घ्या आणि पालेभाजी त्या पाण्यात भिजली असेल तर तीही टाकून द्या. पुसण्यासाठी वापरलेला कपडा गरम पाण्यात धुवा. स्पंज असेल तर बदला, कारण तोच स्पंज पुढे ताटांवर फिरतो.